स्लॅब किती, जबाबदारी किती

साइट इंजिनिअरच्या जागेसाठी येणारी बहुतेक अर्जपत्रं एकाच वाक्यानं सुरू होतात: "मी अमुक कोटींच्या गृहप्रकल्पावर चार वर्षं काम केलं आहे." प्रकल्प व्यवस्थापक ते वाचतो आणि पुढचा अर्ज उचलतो. प्रकल्पाची किंमत मालकाची असते. त्यातलं उमेदवाराच्या अंगावर काय होतं, हे त्या वाक्यातून कळत नाही. साइटवर रोजच्या रोज निर्णय घेणारा माणूस हवा असतो आणि पत्रातून तोच दिसायला हवा.

उदाहरणासाठी एक पत्र रचून पाहू. उमेदवार पुण्यातला, चार वर्षांच्या अनुभवाचा, बारा मजली इमारतीच्या आर.सी.सी. कामावर असलेला. त्याचा पहिला परिच्छेद असा:

"दोन विंगपैकी ए विंगचं आर.सी.सी. काम माझ्याकडे होतं. एका मजल्याचा स्लॅब सुमारे 450 चौरस मीटरचा आणि बीमसह काँक्रीट 100 घनमीटर. दोन स्लॅबमधलं अंतर सुरुवातीला 16 दिवसांचं होतं, ते सहाव्या मजल्यापासून 10 दिवसांवर आलं. माझ्या हाताखाली दोन सुपरवायझर होते."

अनुभवी माणूस हे आकडे मनातल्या मनात ताडून पाहतो. 450 चौरस मीटरवर 15 सेंटीमीटर जाडी धरली तर नुसत्या स्लॅबचं काँक्रीट साडेसदुसष्ट घनमीटर होतं. उरलेलं बीमचं, म्हणजे 100 चा आकडा पटण्यासारखा आहे. सहा घनमीटरच्या मिक्सरनं साधारण 17 गाड्या लागतील. आय.एस. 456 प्रमाणे एवढ्या काँक्रीटला किमान 5 नमुने घ्यावे लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे 3 ठोकळे. मुलाखतीत "एका स्लॅबला क्यूब किती भरायचात?" असं विचारलं आणि उमेदवार अडखळला, तर तो आकडा त्यानं दुसऱ्याच्या अहवालातून उचलला आहे, हे लगेच कळतं.

याहून जास्त सांगून जातो तो 10 दिवसांचा आकडा. त्याच मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यातल्या स्लॅबखालचे टेकू साधारण 7 दिवस ठेवायचे असतात, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे 14 आणि त्याहून लांब बीमखालचे 21 दिवस. मग दहाव्या दिवशी वरचा स्लॅब टाकायचा असेल, तर खालच्या मजल्यावरच्या बीमचे टेकू अजून उभेच असणार. याचा अर्थ सेंटरिंगचा दुसरा संच हवा आणि त्याचा खर्च कोणीतरी मंजूर केलेला हवा. म्हणून पत्रात "दुसरा संच आणला, त्यामुळे टेकू वेळेआधी न काढता वेग वाढवता आला" एवढं एक वाक्य जोडावं. ते नसेल तर वाचणाऱ्याला वेगळीच शंका येते: वेग टेकू लवकर काढून तर मिळवला नाही ना? असा वेग मिरवणाऱ्याला मी तरी साइटवर घेणार नाही.

सुरक्षिततेच्या परिच्छेदात बहुतेक जण हेल्मेट, बूट, सेफ्टी बेल्ट आणि "शून्य अपघात" लिहितात. हेल्मेट घालायला लावणं ही किमान अट आहे, तिचं वेगळं श्रेय नसतं. आणि अपघात झाला नाही, हे केवळ नशिबानंही घडू शकतं. त्यापेक्षा एकदा काम का थांबवलं, ते सांगावं.

पुण्याच्या वाचकाला याचं कारण समजावायला नको. जून 2019 च्या अखेरीस कोंढव्यात एका रात्री जोराच्या पावसात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. 15 जण गेले. झोपड्या भिंतीच्या पायथ्याशी होत्या. खोदकाम, मुरलेलं पाणी आणि जुनी भिंत एकत्र आली की धोका कुठे आहे, हे पावसाळ्याआधीच ओळखावं लागतं.

आपल्या उमेदवारानं म्हणून असं लिहिलं आहे: "तळघराचं खोदकाम शेजारच्या कंपाउंड भिंतीला लागून होतं. भिंतीवरच्या तड्यांवर प्लॅस्टरच्या पट्ट्या लावून तारखा टाकल्या आणि रोज सकाळी पाहणी ठेवली. जूनमध्ये दोन पट्ट्या तडकल्या. त्याच दिवशी त्या बाजूचं खोदकाम थांबवलं, खड्ड्याच्या कडेची माती हलवली, मजुरांची वस्ती दुसऱ्या टोकाला नेली आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटला बोलावलं. आठ दिवस काम मागे पडलं."

या मजकुरात पाहणीची पद्धत आहे, धोक्याची खूण आहे, निर्णय आहे आणि त्याची किंमतही आहे. प्लॅस्टरची पट्टी ठिसूळ असते, भिंत जराशी हलली तरी ती तडकते. तडा जुना आहे की वाढतो आहे, हे नुसत्या डोळ्यांना समजत नाही, पट्टी ते दाखवते. मागे पडलेले आठ दिवस लपवायचे नाहीत. ते पाहूनच वाचणाऱ्याची खात्री पटते की, वरिष्ठांचा दबाव असतानाही हा माणूस काम थांबवू शकतो.

तिसरा भाग ठेकेदारांचा. एका स्लॅबवर सेंटरिंगवाला, फिटर, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन अशा चार टोळ्या असतात, शिवाय काँक्रीट पुरवणारा प्लांट वेगळा. भांडण बहुधा शेवटच्या दिवशी पेटतं. फिटरनं सळई बांधून टाकलेली असते आणि मग प्लंबर पाइपसाठी स्लिव्ह ठेवायला येतो. तो सळई सरकवतो, फिटर बांधून द्यायला नकार देतो, तिकडे प्लांटमधून गाड्या सुटलेल्या असतात. एखादी स्लिव्ह राहून गेली तर नंतर बीममधून कोअर कटिंग करायची वेळ येते आणि त्यात सळईच कापली जाते.

"सर्व ठेकेदारांशी उत्तम समन्वय" या शब्दांतून यातलं काहीच दिसत नाही. त्याऐवजी उमेदवारानं लिहावं: "स्लॅबच्या तीन दिवस आधी चौघांना एकत्र उभं करून स्लिव्हच्या जागा सेंटरिंगच्या प्लायवर रंगानं आखून घ्यायचो. पोर कार्डवर चौघांच्या सह्या झाल्याशिवाय काँक्रीटची ऑर्डर पक्की करायचो नाही."

पैशांबद्दलही दोन ओळी हव्यात, कारण टोळी साइट सोडून जाते ती बहुतेकदा मोजमापाच्या वादावरून. सेंटरिंगचं मोजमाप काँक्रीटला टेकणाऱ्या क्षेत्रफळावर होतं. बीमच्या बाजू धरायच्या की नाही, लिफ्टच्या मोकळ्या जागा वजा करायच्या का, हे आधी ठरलं नसेल तर बिल अडकतं आणि मुकादम माणसं दुसऱ्या साइटवर पळवतो. "मोजमाप ठेकेदाराच्या माणसासोबत घेऊन त्याच दिवशी दोघांनी सही करायची" ही पद्धत पत्रात आली की, वाचणाऱ्याला समजतं की या इंजिनिअरनं टोळ्या टिकवून ठेवल्या आहेत.

हे सगळं एका पानात बसवा. सॉफ्टवेअरची यादी बायोडेटात जाऊ द्या. शेवटी नोटीस किती दिवसांची आहे आणि साइटजवळ राहायची तयारी आहे का, एवढं लिहा. पाठवण्याआधी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून स्वतःला विचारा, "यावर कोणी उलट प्रश्न विचारला तर उत्तर देता येईल का?" नाही आलं, तर तो आकडा खोडा.