अठ्ठेचाळीस हजारांचं बिल आणि पन्नास हजारांची मर्यादा

सोलापुरातला एक छोटा घाऊक व्यापारी. हैदराबादच्या दुकानदाराची ४०० टॉवेलांची ऑर्डर आली, भाव नगाला १२० रुपये, म्हणजे माल ४८,००० चा. ई-वे बिल ५०,००० च्या वर लागतं हे त्याला पाठ आहे, म्हणून तो निवांत गाठी बांधायला सांगतो. चूक नेमकी इथेच होते. मर्यादा मोजताना मालाच्या किमतीत कर मिळवायचा असतो. टॉवेलांवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २,४००. बिल झालं ५०,४०० चं आणि ई-वे बिल लागू झालं.

पण त्याआधी बिल बरोबर हवं. माल परराज्यात पोहोचवायचा असल्याने सीजीएसटी-एसजीएसटी असे दोन तुकडे पाडायचे नाहीत. सगळे २,४०० रुपये आयजीएसटी म्हणून एका ओळीत दाखवायचे. रोज गावातल्या गावात बिलं फाडणाऱ्या कारकुनाचा हात सवयीने दोन रकान्यांकडे जातो. तसं झालं तर व्यापाऱ्याला योग्य कर नव्याने भरावा लागतो आणि चुकून भरलेल्याचा परतावा मागत बसावं लागतं. ओळखायची एक सोपी खूण आहे: जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, तेलंगणाचे ३६. आपले आणि गिऱ्हाइकाचे आकडे वेगळे दिसले की हात थांबवायचा. मात्र ही नुसती खूण आहे. आपण पोहोचवायच्या मालाचा कर ठरतो तो माल कुठे पोहोचणार त्यावरून. म्हणून बिलावर पुरवठ्याचं ठिकाण, राज्याच्या नावासकट, लिहायचंच. शिवाय एचएसएन कोड. वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर चार आकडे पुरतात, टॉवेलांचे ६३०२. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की ई-इनव्हॉइस आलं, पण आपला व्यापारी अजून तिथवर पोहोचलेला नाही. बिलाच्या प्रती तीन: मूळ प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी ट्रान्सपोर्टवाल्याला, तिसरी आपल्या फायलीत.

आता ई-वे बिल. त्याचे दोन भाग. भाग ‘अ’ मध्ये बिलातलीच माहिती जाते: दोघांचे जीएसटी नंबर, बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, एचएसएन, पोहोचवायच्या जागेचा पिनकोड. भाग ‘ब’ मध्ये गाडीचा नंबर. व्यापारी स्वतः ‘अ’ भरतो आणि ‘ब’ बहुतेक वेळा ट्रान्सपोर्टवाल्यावर सोपवतो, कारण गाठी कोणत्या ट्रकमध्ये चढणार हे त्यालाच माहीत असतं. भाग ‘अ’ एकदा तयार झाला की दुरुस्त होत नाही. चूक दिसली तर २४ तासांच्या आत ते रद्द करून नवं काढायचं. म्हणून बटण दाबण्याआधी बिल शेजारी ठेवून बोटाने एकेक आकडा ताडून बघावा, हे माझं जुनं मत आहे.

मुदतीचं घड्याळ ‘ब’ पहिल्यांदा भरला की चालू होतं. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. हैदराबाद सुमारे ३१० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. हा दिवस दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री संपतो. सोमवारी संध्याकाळी ‘ब’ भरला तर पहिला दिवस मंगळवारी मध्यरात्री संपला, दुसरा बुधवारी मध्यरात्री.

ट्रक नळदुर्ग, उमरगा करत कर्नाटकात शिरतो. तिथे वेगळं ई-वे बिल लागत नाही, हेच चालतं. समजा हुमनाबादजवळ ट्रक बंद पडला आणि गाठी दुसऱ्या गाडीत टाकल्या. गाडी हलण्याआधी नवा नंबर ‘ब’ मध्ये भरायला हवा. बऱ्याच जणांना वाटतं, नंबर बदलला की मुदतही नव्याने सुरू होते. तसं होत नाही. मुदत संपत असेल तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांत वाढवून घ्यायची, कारण सांगून.

तपासणीत ई-वे बिल सापडलंच नाही तर माल आणि गाडी दोन्ही अडकतात. मालक पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट: आपल्या गाठींवर ४,८०० रुपये. रक्कम फार वाटत नाही, पण दंड भरेपर्यंत ट्रक उभा राहतो, त्यात इतरांचाही माल असतो, आणि गिऱ्हाईक फोन करकरून थकतं. गाडीच्या नंबरात एखादा आकडा चुकला, नावाचं स्पेलिंग बिघडलं, अशा किरकोळ चुकांना मात्र सरकारने सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात वेगळं काढलं आहे. परराज्यातल्या मालाला अशा चुकीपायी १,००० रुपये दंड, आणि माल अडवायचा नाही. त्या परिपत्रकाची एक प्रत ट्रान्सपोर्टवाल्याच्या कागदांत असलेली बरी. रात्री दोन वाजता रस्त्यावर मोबाइलला रेंज असतेच असं नाही.