मोडी वाचण्याचा पाच वर्षांचा आराखडा

नोकरी करता करता केवळ कुतूहलापोटी मोडी शिकायची असेल, तर पाच वर्षांचा हिशेब आधी मांडावा. मुळाक्षरे काही आठवड्यांत येतात. अडते ते त्यानंतर, आणि प्रत्येक वर्षी वेगळ्याच ठिकाणी अडते. म्हणून आराखडा महिन्यांवर न बेतता या अडथळ्यांवर बेतावा.

पहिले वर्ष हाताचे. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि अक्षरे एकमेकांना जोडून येतात. नुसते बघून हे वळण डोळ्यांत बसत नाही, ते गिरवावे लागते. कामावरून थकून आल्यावरही कित्ता गिरवता येतो, नवा कागद मात्र लावता येत नाही. त्यामुळे रोजची संध्याकाळ कित्त्याला आणि रविवार वाचनाला द्यावा. सुरुवात पेशवेकालीन वळणाने करावी, ते बऱ्यापैकी सुबक असते.

दुसऱ्या वर्षी अक्षरे लागतात, पण अर्थ लागत नाही. याचे कारण फारसी-अरबी शब्द आणि कालगणना. पत्रात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे साल येते. हे अरबी आकडे एकं स्थानापासून सुरू होतात: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. हे वर्ष मृगात, जूनच्या सुरुवातीला लागते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६००. पत्र पौषातले, जानेवारीचे असेल, तर साल १७६१ निघते, पानिपतचे. इथे चुकीची संख्या मिळवली की पत्र वर्षभर मागे जाते आणि लढाईनंतरची बातमी लढाईआधीची ठरते.

तिसऱ्या वर्षी एकच प्रकार धरावा: खरेदीखते, जमाखर्च किंवा खासगी पत्रे. याच टप्प्यावर सर्वांत मोठा धोका असतो, अंदाजाने वाचण्याचा. पत्राचा मायना पाठ झालेला असतो, त्यामुळे आपण वाचतो आहोत असे वाटते. खरी परीक्षा गावांच्या आणि माणसांच्या नावांत होते, कारण तिथे संदर्भ मदतीला येत नाही. लिप्यंतर करून बाजूला ठेवावे, काही आठवड्यांनी तोच कागद कोरा समजून पुन्हा वाचावा आणि दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात. नावे जुळत नसतील, तर चौथ्या वर्षाकडे जाण्याची घाई करू नये.

चौथे आणि पाचवे वर्ष अप्रकाशित कागदांचे. एका गावाचा किंवा घराण्याचा लहानसा गठ्ठा निवडावा, तो लिप्यंतर, तारखा आणि टिपांसह पूर्ण करावा आणि जाणकाराकडून तपासून घ्यावा. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर मात्र कार्यालयीन वेळेतच पाहता येते. म्हणून पहिली तीन वर्षे छापील नमुन्यांवर घरीच काढा आणि हक्काच्या रजा शेवटच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवा.