पेन्सिलीएवढी जाडी

गोव्यात संध्याकाळी गाड्यावर कटलेट-पाव मागितला, तर पावात बटाट्याचा किंवा खिम्याचा गोळा येत नाही. येतो तो मांसाचा सपाट, अखंड काप, मसाल्यात मुरवलेला आणि रव्यात घोळवून तळलेला. घरी बोनलेस चिकनचं हेच करायला गेलं, की बहुतेकांची तक्रार एकच असते: कडा चामट झाल्या आणि मधे कच्चं राहिलं. मग मसाल्याला नावं ठेवली जातात, नाहीतर चिकनवाल्याला. खरी अडचण छातीच्या तुकड्याच्या आकारातच असते.

हा तुकडा एका टोकाला तीन-साडेतीन सेंटिमीटर जाड असतो आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम एक सेंटिमीटर. उष्णता मांसात बाहेरून आत हळूहळू झिरपत जाते आणि जाडी दुप्पट झाली, की मध्यापर्यंत पोचायला तिला ढोबळमानाने चौपट वेळ लागतो. चिकन आतून 74 अंश सेल्सिअसला पोचलं, की ते निर्धास्त खावं. पण तिथून पुढे ते तापत राहिलं, तर तंतू आवळत जातात आणि आतलं पाणी पिळून बाहेर पडतं. म्हणजे जाड टोक कसंबसं शिजेपर्यंत निमुळतं टोक कधीच कोरडं पडलेलं असतं. आच कमी-जास्त करून हे सुटत नाही, कारण आच दोन्ही टोकांना एकच मिळते. जाडीच सारखी करावी लागते.

ठेचायच्या आधी सुरी चालवायची. साधारण 220 ग्रॅमचा एक तुकडा घेतला असं धरू. त्याच्या आतल्या बाजूला एक छोटी लांबट पट्टी सैल चिकटलेली असते, ती हातानेच ओढून वेगळी करावी. तिच्यातली पांढरी शीर ठेचून मऊ होत नाही. मग तुकडा पाटावर आडवा ठेवून वर तळवा दाबून धरायचा आणि सुरी पाटाला समांतर चालवत त्याचे दोन पातळ काप करायचे. चिकन फ्रिजमधून नुकतंच काढलेलं, गार असेल, तर हे काम सोपं जातं. न कापता साडेतीन सेंटिमीटरचा ढीग ठेचत बसलं, तर मांस फाटतं आणि मधे भोकं पडतात.

ठेचायला जाड प्लास्टिक हवं. दुधाची पिशवी दोन बाजूंनी कापून, स्वच्छ धुऊन घेतली तर उत्तम. आत चमचाभर पाणी शिंपडलं, की मांस प्लास्टिकला न चिकटता सरकतं. शिवाय कच्च्या चिकनचे शिंतोडे ओट्यावर उडत नाहीत, हा फायदा लहान नाही. हत्यार म्हणून जड लाटणं चालतं, वरवंटा त्याहून बरा. दुकानात मिळणाऱ्या हातोडीची दातेरी बाजू मात्र इथे वापरू नये. ती चिवट मटणासाठी ठीक आहे, चिकनच्या नाजूक तंतूंचा ती लगदा करते. घाव घालायचा तो सरळ खाली नाही. मध्यावर हलका ठोका देत वरवंटा कडेकडे ओढायचा, म्हणजे मांस चिरडत नाही, पसरतं. निमुळत्या टोकाला जवळजवळ हात लावायचा नाही.

किती पातळ करायचं, तर साध्या लाकडी पेन्सिलीइतकं, म्हणजे सहा-सात मिलिमीटर. पिशवीच्या दोन बाजूंना दोन पेन्सिली ठेवून शेवटी वरून लाटणं फिरवलं, तर लाटणं पेन्सिलींवर टेकतं आणि सगळा काप आपोआप एका पातळीत येतो.

ही जाडी उगाच ठरलेली नाही. कटलेट तळताना दोन कामं एकाच वेळी चाललेली असतात: वरचा रवा लाल होत असतो आणि आतलं मांस शिजत असतं. मध्यम आचेवर ही दोन्ही कामं साधारण एकदमच संपतात ती याच जाडीला. काप तीन मिलिमीटरचा केला, तर रव्याला रंग येण्याआधीच मांस शिजून जातं आणि रंगासाठी थांबलं की चामट होतं. दीड सेंटिमीटरचा ठेवला, तर उलटं घडतं: वरून खरपूस, आतून गुलाबी.

मसाल्याचं थोडक्यात. आलं, लसूण, हिरवी मिरची, हळद, मीठ आणि चमचाभर व्हिनेगर. काप पातळ असल्यामुळे अर्धा तास पुरतो. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलं, तर वरचा थर पिठूळ होतो. नंतर जास्तीचा ओलावा निथळून, फेटलेल्या अंड्यात बुडवून, बारीक रव्यात दाबून घोळवायचं. घोळवल्यावर पाचेक मिनिटं थांबलं, तर रवा नीट धरतो. फार वेळ ठेवलं, तर तो पाणी पिऊन चिखल होतो.

तवा जड बुडाचा, शक्यतो लोखंडी घ्यावा, कारण गार मांस पडल्यावर तो लगेच थंडावत नाही. तेल कटलेटच्या निम्म्या उंचीला लागेल इतकं, तीन-चार मिलिमीटर. ते 170 ते 180 अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल, तर चिमूटभर रवा टाकून बघावा. तो ताबडतोब बुडबुडे काढत तरंगला आणि रंग सावकाश बदलू लागला, तर तेल तयार आहे. तळाशी गप्प बसला, तर थांबावं. टाकल्याबरोबर काळपट झाला, तर गॅस बंद करून मिनिटभर जाऊ द्यावं. तव्यात एका वेळी दोनच काप सोडावेत. चार कोंबले, की तेल निवतं, वाफ कोंडते आणि कटलेट तळलं जाण्याऐवजी उकडतं.

पहिली बाजू सुमारे 120 सेकंद, दुसरी 90. दुसऱ्या बाजूला कमी वेळ लागतो, कारण उलटेपर्यंत मांस निम्मं तापलेलं असतं. मधे उचलून बघण्याचा मोह आवरावा. रवा घट्ट धरायच्या आत उलथनं घातलं, तर तो तव्यालाच चिकटून राहतो. रव्याऐवजी ब्रेडचा चुरा असेल, तर तो लवकर लाल होतो, म्हणून आच किंचित कमी ठेवावी. काहीच न लावता नुसता काप भाजायचा असेल, तर चमचाभर तेलात, जरा मोठ्या आचेवर, 90 आणि 60 सेकंद. हे आकडे सुरुवातीपुरते. प्रत्येक शेगडीचा आणि तव्याचा स्वभाव वेगळा, त्यामुळे पहिलं कटलेट तपासायचंच.

तपासायचं ते मधोमध कापून. मांस आरपार पांढरं, अपारदर्शक दिसायला हवं आणि निघणारा रस स्वच्छ हवा. काचेसारखी चमकणारी, ओलसर पट्टी मधे दिसली, तर उरलेल्यांना प्रत्येक बाजूला पंधरा-वीस सेकंद वाढवावेत. रंगावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण शिजलेलं चिकनही कधी कधी गुलाबीसर दिसतं. म्हणून लहान मुलांना किंवा आजारी माणसाला द्यायचं असेल, तर थर्मामीटरची सुई कापाच्या कडेतून आडवी मध्यापर्यंत खुपसून 74 चा आकडा बघितलेला बरा. वरून खुपसली, तर सुई आरपार जाते आणि तव्याचंच तापमान दाखवते.

सगळं बरोबर करूनही एखादा काप चावताना रबरासारखा कचकच लागतो. तो कापच तसा असतो. झपाट्याने वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांमध्ये काहींची छाती अशी कडक निघते. कच्ची असतानाच ती बोटाला दगडासारखी लागते आणि तिच्यावर पांढऱ्या रेघा दिसतात. ठेचून ती थोडी सुधारते, पण मऊ होत नाही. असा तुकडा खिमा करायला ठेवावा आणि कटलेटसाठी दाबल्यावर बोट सहज रुतणारा, मध्यम आकाराचा निवडून मागावा.

तळलेले काप कागदावर न ठेवता जाळीवर ठेवावेत. कागदावर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. दुसरा घाणा सोडण्याआधी तेलातला सुटा रवा झाऱ्याने काढून टाकावा, नाहीतर तो जळून नव्या कटलेटवर काळे ठिपके धरतात आणि कडवट चव लागते.