साहेब म्हणाले, निरोपाचं तुम्ही बघा

सरकारी कार्यालयात निरोप समारंभाची जबाबदारी एका वाक्यात अंगावर येते. ‘देशमुख बाई रिटायर होतायत, त्यांच्या निरोपाचं तुम्ही बघा.’ साहेब एवढं बोलून मीटिंगला निघून जातात. किती माणसं, कुठे, कधी, किती पैशात, यातलं काहीच सांगितलेलं नसतं. नवखा माणूस मग पहिला फोन मंगल कार्यालयाला लावतो. तिथला व्यवस्थापक विचारतो, ‘तारीख कुठली? ताटं किती?’ आणि फोन तिथेच संपतो.

या कोऱ्या जागांपैकी एक मात्र आधीच भरलेली असते. ती आस्थापना शाखेच्या कपाटात, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर सापडते. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८, चतुर्थश्रेणीचं ६०. ज्या महिन्यात ते वय पुरं होतं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. अपवाद एकाच जन्मतारखेचा. जन्म १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीसच सेवा संपते. आपल्याकडे एका पिढीत १ जून या तारखेला जन्मलेली माणसं विलक्षण संख्येने आहेत. शाळा जूनमध्ये उघडायच्या, वडिलांना तारीख आठवायची नाही आणि गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे ३१ मे हा महाराष्ट्रातल्या निरोपांचा सगळ्यात गर्दीचा दिवस. त्या दिवशी तुमच्याच इमारतीत आणखी दोन समारंभ असतील, आणि हार-गुच्छवाल्यापासून फोटोग्राफरपर्यंत सगळे तिकडेही लागतील.

आपल्या कल्पित देशमुख बाई वरिष्ठ लिपिक, जन्म १ जून १९६८. म्हणजे निवृत्ती ३१ मे २०२६. कॅलेंडर उघडलं तर तो रविवार. पाच दिवसांचा आठवडा असल्याने ३० तारखेचा शनिवारही सुट्टीचा. तेव्हा कार्यालयातला समारंभ शुक्रवारी, २९ मे रोजीच होणार. त्या दिवशी बाई कार्यभार सोपवण्यात, सह्या करण्यात गुंतलेल्या असतील, म्हणून वेळ दुपारी चारची. इथपर्यंत कुणालाही काही विचारावं लागलेलं नाही.

पुढचा प्रश्न मात्र विचारावाच लागतो आणि तो विचारायची लाज वाटते. जेवण कोण देणार? आपल्याकडे दोन चाली आहेत. काही कार्यालयांत सहकारी वर्गणी काढून सगळंच करतात. बऱ्याच ठिकाणी शाल, श्रीफळ, भेटवस्तू आणि चहा-फराळ कार्यालयाचा, पण जेवण निवृत्त होणाऱ्याच्या घरचं. हे आधी स्पष्ट झालं नाही तर दोन्ही बाजू केटरर ठरवतात, किंवा कुणीच ठरवत नाही. माझ्या मते हे बाईंना न विचारता त्यांच्या मुलाला किंवा यजमानांना विचारावं. सत्कारमूर्ती संकोचाने ‘काही नको हो’ म्हणते, आणि त्या उत्तरावर कसलंच नियोजन करता येत नाही. इथे मुलाने सांगितलं की रविवारी घरच्यांनी हॉलवर जेवण ठेवलंय, सगळ्या स्टाफला आमंत्रण आहे. म्हणजे आपल्याकडे उरला फक्त शुक्रवारचा चहा-फराळ आणि सत्कार. भेटवस्तू काय आवडेल, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं. चौथं भिंतीवरचं घड्याळ कुणालाच नको असतं.

आता पैसे. बजेट साहेबांनी सांगावं अशी वाट पाहू नये, कारण ते साहेबांच्या हातात नसतंच. ते वर्गणीतून येतं. आणि वर्गणीला एक मर्यादा आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत खासगी स्वरूपाच्या निरोप समारंभाला मुभा आहे, पण वर्गणीसाठी कुणावर दबाव आणायला मनाई आहे. शिवाय वरच्या वर्गातल्या अधिकाऱ्याच्या आदरातिथ्यासाठी तिसऱ्या आणि चौथ्या वर्गातल्या कर्मचाऱ्यांकडून कुठल्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करता येत नाही. हा दंडक कुठल्याही कार्यालयाने पाळावा असा आहे. साहेबांच्या निरोपासाठी शिपायाने पाचशे रुपये द्यायचे, हे दृश्य एरवी नेहमीचंच. नाव आणि रक्कम लिहिलेला कागद टेबलाटेबलावर फिरवणं हाही दबावच, कारण वरच्या ओळीतल्याने एक हजार लिहिले की खालच्याचा हात थरथरतो. एकाच माणसाने बाजूला घेऊन विचारावं आणि आकडा स्वतःपाशी ठेवावा.

बाई स्वतः लिपिक वर्गातल्या असल्याने इथे तशी अडचण नाही. त्यांच्याखेरीज कार्यालयात तीस जण आहेत असं धरू. दोन अधिकारी स्वखुशीने प्रत्येकी एक हजार देतात, अठरा लिपिक आणि सहायक चारशे, सहा चालक-शिपाई दीडशे, आणि चार कंत्राटी मुलांकडून काही घ्यायचं नाही असं ठरतं. बेरीज होते १०,१०० रुपये. यातून माणसं कितीही आली तरी न बदलणारा खर्च आधी बाजूला काढायचा. शाल, श्रीफळ, गुच्छ यांचे १,२००, फ्रेम केलेल्या मानपत्राचे ८००, भेटवस्तूचे ४,५००, असे ६,५००. उरले ३,६००. बटाटेवडा, एखादा गोड पदार्थ आणि चहा माणशी साठ रुपयांत बसतो असं धरलं तर साठ माणसांची सोय होते. समारंभाचा आकार इथे ठरला. कुणी उत्साहाने म्हणेल, ‘ताटच ठेवूया की.’ अडीचशेचं ताट धरलं तर उरलेल्या पैशात चौदा माणसं जेवतील, एवढं त्याला शांतपणे सांगावं.

साठ ही आपली कमाल झाली. प्रत्यक्षात येणार किती, ते मोजताना हजेरीपटावर विसंबू नये. मे अखेर आहे. तीसपैकी चार-पाच जण गावी असणार, म्हणून पंचवीस. बाई स्वतः एक. घरचे आठ, कारण नातवंडं येतातच. उरतो तो जुन्या माणसांचा गट, बदलून गेलेले आणि आधी निवृत्त झालेले. यांची यादी करताना सगळ्यात जास्त चुका होतात. कामाच्या दिवशी दुपारी चार वाजता दुसऱ्या तालुक्यातून कोण येणार, असं म्हणून त्यांना वगळतात, आणि बाईंना नेमकी त्यांचीच आठवण असते. म्हणून पंधरा जणांना फोन करावा आणि दहा येतील असं धरावं. एकूण चव्वेचाळीस. पन्नास प्लेटा सांगाव्यात, त्यांचे तीन हजार. उरलेल्या सहाशेत पाणी आणि वाढीव चहा.

जागा आता शोधावी लागत नाही. पन्नास माणसांना बैठकीचा हॉल पुरतो, फक्त त्याची लेखी परवानगी घेऊन ठेवावी, कारण त्याच दुपारी व्हिडिओ कॉन्फरन्स लागण्याची खोड या जागांना असते. रविवारच्या घरच्या जेवणासाठीही यंदा हॉल मिळायला अडचण नव्हती. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, लग्नाचे मुहूर्त नाहीत, आणि एरवी मे महिन्यात फोन न उचलणारे कार्यालयवाले दरात घासाघीसही ऐकून घेतात. अर्थात धोंड्याच्या महिन्यात व्रत धरणारे बरेच असतात. दहाएक प्लेटा साबुदाणा खिचडीच्या सांगितल्या तर बरं.

पक्का आकडा वडेवाल्याला बुधवारी द्यायचा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत जुन्या मंडळींना दुसरा फोन करून ‘येताय ना?’ विचारलं की कच्चे होकार गळून पडतात. भाषणं पाचच, आणि चहा त्यांच्या आधी.