किटवर पुसट रेघ म्हणजे पॉझिटिव्हच. पण ताप असताना ‘निगेटिव्ह’ आली तर?

मेडिकलमधून कोरोनाचे किट आणायचे, नाकात काडी फिरवायची आणि पंधरा मिनिटांत निकाल बघायचा, हे आता खेड्यातही नवीन राहिलेले नाही. घोटाळा होतो तो निकाल वाचताना. रेघ पुसट दिसली की लोक म्हणतात, “थोडासाच आहे, काही नाही.” आणि रेघ आली नाही की अंगात ताप असूनही माणूस बाजाराला जातो.

या दोन्ही चुका समजायला एक आकडा पुरेसा आहे. आयसीएमआरने जून 2020 मध्ये देशात पहिल्या अँटिजेन किटला मान्यता दिली, तेव्हा ते आधी तपासून पाहिले होते. खरोखर बाधित असलेल्या 100 जणांपैकी किटने 50 ते 84 जणांनाच पकडले. म्हणजे कमीत कमी 16 आणि जास्तीत जास्त 50 बाधित ‘निगेटिव्ह’ म्हणून सुटले. उलट बाधित नसलेल्या 100 जणांत चुकून पॉझिटिव्ह दाखवलेला फार तर एखादाच. थोडक्यात, किट ‘आहे’ म्हणाले तर विश्वास ठेवायचा. ‘नाही’ म्हणाले तर लगेच ठेवायचा नाही.

असे का होते? किट विषाणूच्या आतले प्रथिन शोधते. ते नमुन्यात भरपूर असेल तरच ‘टी’पाशी रंग धरतो. आरटीपीसीआरमध्ये मात्र प्रयोगशाळेतले यंत्र विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या पुन्हा पुन्हा प्रती काढते, त्यामुळे अगदी थोडा विषाणूही सापडतो. वेळ मात्र जातो. तालुक्याच्या गावात घेतलेला स्वॅब जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जाऊन रिपोर्ट यायला एक-दोन दिवस लागतात.

आता समजा, एका घरातल्या कर्त्या माणसाला सोमवारी संध्याकाळी घसा खवखवून ताप आला. मंगळवारी सकाळी किट लावले. ‘सी’ची रेघ आली, ‘टी’ रिकामे. ‘सी’ची रेघ एवढेच सांगते की द्रव पट्टीवरून नीट पुढे सरकला. ती आलीच नाही तर किट बाद, नवे घ्यावे लागते. इथे किट चालले होते, पण ताप येऊन एक रात्रच झाली होती आणि नाकात विषाणू अजून वाढत असावा. आयसीएमआरची सूचना अशा वेळी स्पष्ट आहे: लक्षणे आहेत आणि अँटिजेन निगेटिव्ह, तर आरटीपीसीआर ताबडतोब. रिपोर्ट येईपर्यंत माणूस बाधित आहे असे धरून वेगळ्या खोलीत राहायचे. घरात मधुमेहाची म्हातारी आई असेल तर हे दोन दिवसच महत्त्वाचे असतात.

याच माणसाने गुरुवारी दुसरे किट लावले आणि पंधराव्या मिनिटाला ‘टी’पाशी फिकट गुलाबी रेघ आली, तर तो पॉझिटिव्हच. रेघ फिकट म्हणजे आजार हलका, असा अर्थ नाही. नाकातून कमी नमुना आला तरी रेघ फिकटच येते. पॉझिटिव्ह आल्यावर खात्रीसाठी पुन्हा तपासणी करायची गरज नाही, असेही आयसीएमआरने सांगितले आहे.

अट एकच, रेघ वेळेत वाचलेली हवी. पुण्याच्या मायलॅबचे ‘कोविसेल्फ’ हे मे 2021 मध्ये मान्यता मिळालेले पहिले घरगुती किट. त्यात निकाल 15 मिनिटांनी बघायचा आणि 20 मिनिटांनंतर जे दिसेल ते धरायचे नाही. किट ओट्यावर विसरून तासाभराने पाहिले, तर पट्टी वाळताना उमटलेली करडी, बिनरंगी छटा दिसू शकते. ती रेघ नव्हे, पण ती ‘निगेटिव्ह’ही नव्हे, किट वाया गेले. दुसऱ्या कंपनीच्या किटची वेळ वेगळी असू शकते, कागद वाचूनच सुरुवात करावी.

निगेटिव्ह येण्याची घरगुती कारणेही आहेत. काडी नुसती नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून चालत नाही. कोविसेल्फला दोन्ही नाकपुड्यांत 2 ते 4 सेंटीमीटर आत घालून पाच-पाच वेळा फिरवावी लागते. किट 30 अंशांच्या आत ठेवायचे असते. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात किंवा गाडीच्या डिकीत ते कधीच तापून जाते.

दम लागत असेल किंवा ऑक्सिमीटरवर आकडा 94 च्या खाली दिसत असेल, तर किट काय म्हणते ते बघत बसू नये. रुग्णालय गाठावे, तपासणी तिथे होईल.

आणखी एक. बरे झाल्यावर ‘निगेटिव्ह झालो का’ म्हणून काही जण पुन्हा आरटीपीसीआर करतात आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट बघून घाबरतात. मेलेल्या विषाणूचे तुकडे काही आठवडे नाकात राहतात आणि यंत्र तेही पकडते. त्या रिपोर्टवरून माणूस अजून आजार पसरवतोय असे ठरत नाही.