टँकर खाली करताना पेट्रोल सांडलं तर: पहिली पंधरा मिनिटं आणि सांडलेल्या मालाचा हिशेब

पेट्रोल पंपाची डीलरशिप घ्यायची म्हणून बरेच जण विचारतात. जागा किती लागते, कमिशन किती सुटतं, लोन कसं मिळतं. टँकर खाली करताना माल सांडला तर काय करायचं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पंपावर सगळ्यात जास्त पेट्रोल एकाच वेळी हलतं ते याच अर्ध्या-पाऊण तासात, म्हणून आज फक्त तेवढंच बघू.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. हे मी रचलेलं आहे, पण यातला एकही आकडा अशक्य नाही. समजा, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुमचा पंप आहे. एप्रिल महिना, सकाळचे सात. टँकर आलाय, त्यात पेट्रोलचे दोन कप्पे, प्रत्येकी ४,००० लिटरचे. तुमची पेट्रोलची जमिनीखालची टाकी २०,००० लिटरची. डिपरॉड टाकून, चार्ट बघून मॅनेजर म्हणतो, "साडेसहा हजाराची जागा आहे." पहिला कप्पा खाली होतो. मग पुन्हा डिप न घेताच दुसऱ्या कप्प्याचा व्हॉल्व्ह उघडला जातो. जागा उरलीय अडीच हजाराची आणि वरून येतायत चार हजार. वर डिप घेतल्यावर डिप पाइपचं झाकण नुसतं ठेवलंय, घट्ट बसवलेलं नाही. टाकी भरली की तिथूनच पेट्रोल उसळून बाहेर येतं.

खरी चूक आधीच झालेली आहे, ती म्हणजे दोन कप्प्यांमध्ये डिप न घेणं. "जागा आहे" हे वाक्य एका कप्प्यापुरतंच खरं असतं. आणि टाकी काठोकाठ धरायची नसते. चार्टवर जी सुरक्षित पातळी दिली आहे, तिच्यापर्यंतच जागा मोजायची.

आता पेट्रोल जमिनीवर आलंय. पहिलं काम टँकरचा व्हॉल्व्ह बंद करणं. माल टँकरमधून नुसत्या उतारानं, स्वतःच्या वजनानं येतो. मोटर नसते, त्यामुळे पंपाची लाइट घालवून तो थांबत नाही. वेग किती असतो हे तुम्हीच काढू शकता. ४,००० लिटरचा कप्पा ८ मिनिटांत रिकामा होत असेल, तर मिनिटाला ५०० लिटर, म्हणजे सेकंदाला ८ लिटरच्या वर. ड्रायव्हर चहाला गेला असेल आणि त्याला हाक मारून आणायला वीस सेकंद लागली, तर १६० लिटर गेले. म्हणून खाली करताना ड्रायव्हर आणि तुमचा एक माणूस, दोघंही व्हॉल्व्हजवळ उभे पाहिजेत. खुर्चीत बसूनसुद्धा नाही, असं मी म्हणतो.

व्हॉल्व्ह बंद झाला की घाईत होज काढायला कोणीतरी धावतं. त्याला थांबवा. तीन इंची, चार मीटरच्या होजमध्ये साधारण १८ लिटर पेट्रोल असतं. टाकी भरलेली असल्यामुळे ते खाली उतरत नाही. जोड सोडला की ते सगळं त्याच्याच अंगावर येणार. होज आहे तसाच राहू द्या. जागा सुरक्षित झाल्यावर, त्या टाकीतला थोडा माल विकला जाऊन पातळी खाली गेली की मगच तो सोडायचा. अर्थिंगची तारही तोपर्यंत काढायची नाही.

दुसरं काम आगीची कारणं हटवणं, आणि इथे पेट्रोलपेक्षा त्याच्या वाफेचा विचार करावा लागतो. पेट्रोल शून्याच्या खाली चाळीस अंशावरही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं; आपल्याकडे तर एप्रिल आहे. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी उताराने जमिनीलगत सरकते, खड्ड्यात आणि गटारात साचते. वारा नसलेल्या सकाळी ती जास्त वेळ टिकते. जयपूरला सीतापुरा इथल्या इंडियन ऑइलच्या डेपोत २९ ऑक्टोबर २००९ ला संध्याकाळी हेच मोठ्या प्रमाणात झालं. पाइपलाइनने माल देताना पेट्रोल गळायला लागलं, तासाभराहून जास्त वेळ वाफ आवारात पसरत राहिली आणि मग स्फोट झाला. ११ माणसं गेली. तुमच्याकडे त्याच्या तुलनेत थेंबभरच सांडलंय, पण वाफ चालते ती तशीच.

म्हणून नजर डबक्यावर नको, उताराकडे आणि वारा जिकडे जातोय तिकडे टाका. मशीनपाशी उभ्या मोटारसायकलला किक किंवा स्टार्टर मारायचा नाही, ढकलत बाहेर न्यायची. इंजिन बंद असलेली कार तिथेच सोडून माणसं वाऱ्याच्या उलट दिशेने बाहेर काढायची. टँकरही हलवायचा नाही, सुरू तर अजिबात करायचा नाही. रस्त्याकडेची चहाची टपरी, तिथला स्टोव्ह, पलीकडे ऊसतोडीवरून परतलेल्या टोळीने मांडलेली चूल, हे सगळं पंपाच्या हद्दीबाहेर असलं तरी वाफेला हद्द कळत नाही. एक माणूस फक्त एवढ्यासाठी पाठवा. आणि रस्त्यावरच्या गाड्या लांबच थांबवा.

लाइटचं मात्र नीट समजून घ्या. बटण चालू करताना ठिणगी पडते हे सगळ्यांना माहीत आहे, बंद करतानाही ती पडतेच. मेन स्विच लांब आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला असेल तर तिथून सगळा पुरवठा बंद करा. ऑफिस उताराला असेल आणि दारातच पेट्रोलचा वास येत असेल तर आतल्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, जे चालू आहे ते चालू राहू द्या. जनरेटरचंही तेच. मोबाइलवरून अग्निशमनला १०१ किंवा ११२ लावायचा तो रस्त्यापलीकडे जाऊन. डीसीपी सिलिंडर दोन्ही बाजूंना, वाऱ्याच्या वरच्या बाजूने तयार ठेवा, पण आग नसताना उडवू नका.

आता तिसरं, माल अडवणं. पंपावर लाल बादल्यांत वाळू असते आणि माणूस ती सरळ डबक्यावर ओततो. जरा हिशेब करा. बादलीत ९ लिटर वाळू धरली तर आठ बादल्यांची ७२ लिटर. वाळूच्या कणांमधली मोकळी जागा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे सगळ्या बादल्या मिळून जेमतेम २५ लिटर पेट्रोल शोषतील. शंभर लिटरपुढे ते काहीच नाही. पण त्याच वाळूचा १० सेंटिमीटर उंच आणि तळाला ३० सेंटिमीटर रुंद असा बांध घातला तर तो साडेचार मीटरच्या वर जातो. शेतात पाणी अडवतो तसं. म्हणजे बादल्यांतली वाळू शोषायला नाही, उताराच्या बाजूने वाट अडवायला वापरायची. पहिला बांध गटाराच्या तोंडाशी, दुसरा डबक्याच्या खालच्या कडेला. माती चालेल, भुसा नको. तो स्वतःच पेटतो.

पाण्याचा पाइप लावून धुऊन काढायची कल्पना हमखास कोणीतरी मांडतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. धुतलं म्हणजे ते गटारात गेलं, गटारातून ओढ्यात, आणि वाफ शेजारच्या दुकानाच्या चेंबरमध्ये. आपल्याकडे खाली भेगाळ काळा खडक आहे. भेगेतून उतरलेलं पेट्रोल कुणाच्या तरी विहिरीत निघतं, आणि मग ते काढणं तुमच्या हातात राहत नाही. अग्निशमनचा फेस मिळाला तर उत्तम, तो डबक्यावर पांघरुणासारखा बसतो आणि वाफ दाबतो.

किती सांडलं हे विचारणारे तीन जण असतील: अग्निशमनवाले, ऑइल कंपनीचा सेल्स ऑफिसर आणि तुमचं स्वतःचं स्टॉक रजिस्टर. अंदाज डबक्यावरून काढायची युक्ती सोपी आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर एक लिटर. काँक्रीटचे चौकोन किती मापाचे हे तुम्हाला माहीतच असतं, तेव्हा आत पाय न ठेवता बाहेरूनच ते मोजा. आपल्या उदाहरणात ओली जागा ३० चौरस मीटर. सपाट भागात थर दोनेक मिलिमीटर, खोलगट भागात सेंटिमीटरभर, सरासरी ४ धरली तर १२० लिटर. वेळेवरून काढलं तर वीस सेकंदांचे जास्तीत जास्त १६० होतात. दोन्ही आकडे जवळ आले, म्हणजे "१२० ते १६०" असं सांगा. दहा मिनिटांनी बघितलं तर उडून गेल्यामुळे डबकं लहान दिसेल, म्हणून वेळ आणि माप लगेच कागदावर लिहा. शंभरच्या वरचा भाव धरला तर हे बारा ते सोळा हजार रुपये झाले. कागद नसेल तर ते तुमच्याच खिशातून.

"चलनातला माल वजा डिपची वाढ, बाकी सांडलं" हा हिशेब बरेच जण पुरेसा समजतात. तो ढोबळ आहे. दोन मीटर व्यासाची, वीस हजारांची टाकी निम्मी भरलेली असताना डिपरॉडवरचा एक मिलिमीटर म्हणजे बारा-तेरा लिटर; वाचणाऱ्याची नजर दोन मिलिमीटर चुकली की पंचवीस लिटर इकडचे तिकडे. शिवाय उन्हातून आलेलं पेट्रोल जमिनीखाली थंड होऊन आक्रसतं. आठ अंशांचा फरक पडला तर ४,००० लिटरमागे पस्तीस-चाळीस लिटर कमी दिसतात, थेंबही न सांडता. म्हणून डिप जरूर घ्या, टँकरमध्ये उरलेला मालही मोजा, पण सांडलेल्या मालाचा आकडा डबक्याच्या मापाशी पडताळूनच लिहा.

डिझेल सांडलं तर? आपल्याकडे त्याचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश ठेवलेला असतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. बीडच्या मे महिन्यातलं दुपारचं काँक्रीट त्याच्यापेक्षा कितीतरी तापलेलं असतं. क्रम तोच ठेवा.

भिजलेली वाळू प्लॅस्टिकच्या गोणीत भरून पंपामागे टाकायची नाही. ठिणगी न पाडणाऱ्या फावड्याने ती झाकणाच्या लोखंडी ड्रममध्ये भरायची, ड्रम सावलीत आणि मशीनपासून लांब ठेवायचा आणि घातक कचरा उचलायची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्यायची. गटाराची आणि केबलच्या चरांची झाकणं गॅस मीटरने तपासल्याशिवाय लाइट चालू करायची नाही. नुसता वास गेला हे पुरेसं नाही, कारण थोड्या वेळाने नाक सरावतं आणि वास असूनही येत नाही. मीटर अग्निशमनकडे किंवा कंपनीच्या माणसाकडे असतो. तो येईपर्यंत विक्री बंद.