आवाज येतो, चित्र नाही

गेल्या गणपतीत आजोळी गेलो होतो. रात्रीची आरती झाली, जेवणं झाली आणि सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचं ठरलं. सिनेमा माझ्या मोबाइलवरच्या एका ओटीटी ॲपमध्ये होता. मामाचा टीव्ही मोठा होता, पण घरात वायफाय नव्हतं. मी फोनवरची पट्टी खाली ओढून स्क्रीन मिररिंगचं बटण दाबलं. फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटला. आधी गॅलरीतले फोटो दाखवले, आजी खूश झाली. मग सिनेमा लावला आणि टीव्ही काळाठिक्कर पडला. गंमत म्हणजे गाणं स्पष्ट ऐकू येत होतं आणि काळ्या पडद्यावर खाली सबटायटलही उमटत होती.

"टीव्ही गेला रे!" मामा म्हणाला.

टीव्ही गेला नव्हता आणि फोनही बिघडला नव्हता. दोघांनी त्यांना नेमून दिलेलं काम चोख केलं होतं. चित्र मुद्दाम अडवलेलं होतं. ते नेमकं कुठे अडलं हे समजून घ्यायचं, तर सिनेमा फोनपर्यंत कसा येतो तिथून सुरुवात करावी लागेल.

ओटीटी कंपनीच्या सर्व्हरवरून सिनेमा निघतो तो कुलूपबंद होऊन. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कूटलिपीत असतो. वाटेत कुणी ते उचलले तरी त्याच्या हाती नुसता कचरा लागेल. कुलपाची किल्ली वेगळ्या सर्व्हरवरून येते आणि तिच्यासोबत अटींची चिठ्ठीही असते: ही किल्ली किती वेळ चालेल, चित्र किती स्पष्ट दाखवायचं, ते फोनबाहेर जाऊ द्यायचं का आणि दिल्यास कोणत्या वाटेने. अँड्रॉइड फोनवर हा कारभार बहुधा 'वाइडवाइन' नावाची यंत्रणा सांभाळते. ती बनवणारी कंपनी गूगलने २०१० मध्ये विकत घेतली. ॲपलकडे यासाठी 'फेअरप्ले' आहे, मायक्रोसॉफ्टकडे 'प्लेरेडी'.

कुलूप उघडायचं कुठे, हा खरा प्रश्न. चांगल्या फोनच्या चिपमध्ये एक बंदिस्त कप्पा असतो. फोनची मुख्य प्रणाली, म्हणजे खुद्द अँड्रॉइडसुद्धा, त्यात डोकावू शकत नाही. किल्ली तिथेच लागते, चित्र तिथेच उलगडतं आणि स्मृतीच्या राखीव भागातून थेट पडद्यावर जातं. वाइडवाइनच्या भाषेत हा 'एल वन' दर्जा. असा कप्पा न वापरणाऱ्या उपकरणांवर हेच काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, तो 'एल थ्री'. तिथे चोरी करणं सोपं, म्हणून अशा फोनवर नामांकित ॲप्स बहुधा चित्राचा दर्जा ४८० ओळींपर्यंत उतरवतात. नवा कोरा फोन आणि वेगवान इंटरनेट असूनही सिनेमा धूसर दिसत असेल, तर पुष्कळदा कारण हेच असतं.

आता मिररिंगकडे येऊ. नावावरून वाटतं की फोनसमोर आरसा धरला. प्रत्यक्षात ते पडद्याचं सलग चित्रीकरण असतं. फोन आपल्या पडद्यावरचं चित्र सेकंदाला तीसेक वेळा उचलतो, त्याचा नव्याने व्हिडिओ बनवतो आणि तो वायफायवरून टीव्हीकडे पाठवतो. म्हणजे मिररिंग करणाऱ्याला उघडलेलं चित्र हातात मिळावं लागतं. सर्व्हरपासून पडद्यापर्यंत कुणाच्या हाती पडू नये म्हणून जे जपलं, नेमकं तेच! फोनच्या दृष्टीने स्क्रीन रेकॉर्डिंग आणि मिररिंग ही सख्खी भावंडं आहेत. एकाचा शेवट फाइलमध्ये होतो, दुसऱ्याचा टीव्हीवर, एवढाच फरक. पलीकडे टीव्हीच आहे की टीव्हीचं सोंग घेतलेला लॅपटॉप, हे फोनला नुसतं बघून कळत नाही.

सबटायटलचं कोडंही इथेच सुटतं. फोनचा पडदा एकसंध नसतो, त्यावर एकावर एक थर असतात. सर्वांत खाली सिनेमाचं चित्र, वर सबटायटलची अक्षरं, त्याच्याही वर थांबवा-चालवाची बटणं. सिनेमाचा थर राखीव स्मृतीतून येतो, त्यामुळे मिररिंगला तिथे काळा चौकोन मिळतो. अक्षरं आणि बटणं ॲप साध्या थरावर काढतं, ती सुखरूप पोहोचतात. आवाजाला एवढं कडक कुलूप सहसा लावत नाहीत, म्हणून तोही जातो.

काही ॲप्स आणखी पुढे जातात. अँड्रॉइडमध्ये `FLAG_SECURE` नावाची खूण आहे. ॲपने ती लावली की त्याची अख्खी खिडकीच मिररिंगला आणि स्क्रीनशॉटला दिसेनाशी होते. बँकेच्या ॲपमध्ये स्क्रीनशॉट घेता येत नाही, तो याच खुणेमुळे. त्यामुळे टीव्हीकडे बघूनच अडथळा ओळखता येतो. अक्षरं दिसतात पण चित्र काळं, तर कुलूप चित्राच्या थराला आहे. ॲपची यादी आणि बटणंसुद्धा दिसत नसतील, तर ॲपने सगळी खिडकीच झाकली आहे. आणि गॅलरीतला फोटोही टीव्हीवर येत नसेल, तर मात्र दोष जोडणीत आहे. तिथे कॉपी-संरक्षणाचा काही संबंध नाही.

मग टीव्हीची खात्री पटवून द्यायला काही मार्गच नाही का? आहे. त्याचं नाव एचडीसीपी. इंटेलने तयार केलेली ही पद्धत. सेट-टॉप बॉक्स किंवा फोन पलीकडच्या उपकरणाला आधी त्याची ओळख विचारतो. टीव्हीत कारखान्यातच बसवलेल्या गुप्त किल्ल्या असतात, त्यांच्या आधारे तो उत्तर देतो. उत्तर पटलं तरच चित्र, आणि तेही वाटेपुरतं पुन्हा कुलूप लावून. नव्या आवृत्तीत उत्तर काही मिलिसेकंदांत परत यावं लागतं. टीव्ही त्याच घरात आहे, इंटरनेटवरून दुसऱ्या गावातला नाही, याची ती परीक्षा. एखाद्या उपकरणाची किल्ली फुटली, तर त्याचं नाव काळ्या यादीत टाकण्याचीही सोय आहे.

एचडीएमआय केबलमधून हा संवाद नेहमी चालतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. बिनतारी मिररिंगच्या 'मिराकास्ट' पद्धतीतही त्याची तरतूद आहे, पण सक्ती नाही. फोन आणि टीव्ही दोघांकडे ती सोय असेल आणि ॲपचीही हरकत नसेल, तर मिररिंगमध्ये सिनेमा दिसतोसुद्धा. म्हणूनच एकाच्या घरी चालतं आणि शेजाऱ्याकडे चालत नाही. बाजारातून आणलेल्या मिररिंगच्या ॲपकडे तर असा विश्वासाचा धागा नसतोच. त्याच्या वाट्याला कायम काळा चौकोन.

या सगळ्याचा आग्रह मुळात सिनेमाच्या मालकांचा असतो. स्टुडिओ ओटीटीला सिनेमा देतो तो करार करून. कमी दर्जाचं चित्र थोड्या सैल अटींवर, फोर-के चित्र मात्र एचडीसीपी २.२ असल्याशिवाय बाहेर पडता कामा नये, असे टप्पे त्यात असतात. सर्व उपकरणांचे सगळे प्रकार तपासत बसण्यापेक्षा काही ॲप्स मिररिंग सरसकट बंद करून टाकतात. करार मोडल्याचा ठपका नको. कायदाही मालकाच्या बाजूला उभा आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५-अ हे कलम आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

मात्र प्रत्येक काळा पडदा चोरीच्या भीतीने आलेला नसतो. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये भारतात महिना १९९ रुपयांची 'फक्त मोबाइल' योजना आणली, पुढे ती १४९ वर आली. स्वस्त आहे ती टीव्ही वगळूनच. तिथे टीव्हीवर चित्र न जाणं हा दराचा भाग आहे, तांत्रिक अडचण नव्हे. तेव्हा फोन आणि टीव्हीला दोष देण्याआधी आपली योजना कोणती, हे पाहिलेलं बरं.

आणि या कुलपांनी चोरी थांबते का? पूर्ण नाही. २०१० मध्ये एचडीसीपीच्या पहिल्या पिढीची मूळ किल्ली इंटरनेटवर फुटली आणि ती खरी असल्याचं खुद्द इंटेलने मान्य केलं. नवे सिनेमे चोरट्या साइटवर येतच राहतात. अट्टल चोराला एकदाच कुलूप फोडायचं असतं, नंतर प्रती मोफत वाटल्या जातात. प्रामाणिक प्रेक्षकाला मात्र दर वेळी त्या कुलपासमोर उभं राहावं लागतं. बटण दाबलं की कुणालाही प्रत काढता येऊ नये, एवढंच ही यंत्रणा साधते.

सरळ वाट मिररिंगला सोडून जाते. ॲपमध्येच कोपऱ्यात वायफायच्या लहरींसह चौकोनाचं चित्र असतं, ते 'कास्ट' बटण. दिसायला दोन्ही सारखंच, पण कास्टमध्ये फोन चित्र पाठवत नाही. तो टीव्हीला फक्त सांगतो, "हा सिनेमा, इथपासून लाव." टीव्ही मग स्वतः सर्व्हरकडे जातो, स्वतःच्या नावाची किल्ली घेतो आणि स्वतःच्या बंदिस्त कप्प्यात कुलूप उघडतो. फोन उरतो रिमोटपुरता. टीव्हीत तेच ॲप असेल तर फोनचीही गरज नाही. केबलचा पर्यायही आहे, पण त्यात एक खोच आहे. फोनच्या टाइप-सी पोर्टमधून पडद्याचा मूळ सिग्नलच बाहेर येत असेल, तर एचडीसीपीसह सिनेमा चालू शकतो. पुष्कळ स्वस्त फोनच्या पोर्टमध्ये ही सोय नसते. अशा फोनसाठी मिळणारे काही अडॅप्टर ॲपच्या मदतीने पडदा उचलूनच टीव्हीकडे नेतात. म्हणजे केबल लावूनही ते मिररिंगच, आणि चित्र पुन्हा काळं.

त्या रात्री अडचण अशी की मिररिंगला इंटरनेट लागत नाही, कास्टला लागतं. टीव्हीला स्वतःच सर्व्हर गाठायचा असतो ना! मग मामाच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला, टीव्ही आणि माझा फोन दोन्ही त्याला जोडले आणि कास्टचं बटण दाबलं. चित्र आलं.

"म्हणजे माझ्या डेटावर," मामा म्हणाला. त्याचा रोजचा डेटा दोन जीबी. पूर्ण एचडीत तासाभरात तो संपला असता, म्हणून ॲपमध्ये दर्जा उतरवला. चित्र जरासं धूसर झालं. आजीची तक्रार नव्हती. सबटायटल तिला वाचता येत नाहीत, तिला माणसं दिसली म्हणजे झालं.